टाकीमागचं धुराडं

ती बाई अकराच्या सुमारास आली. तिच्या हातात आमच्याच वर्तमानपत्राची घडी होती. आमच्या पडताळणीच्या टेबलापर्यंत सहसा कोणी येत नाही. खालचा पहारेकरी लोकांना जाहिरात विभागात पाठवतो आणि ते तिथूनच वैतागून परत जातात. ही सरळ वर आली आणि तिनं विचारलं, "ठिकाण खरं की खोटं ते इथं कोण बघतं?"

माझ्यासमोर बसणाऱ्या मुलीनं माझ्याकडे बोट दाखवलं. या मुलीला सगळे भिंग म्हणतात. फोटोतलं जे कोणाला दिसत नाही ते तिला दिसतं, आणि दिसलं की ती ते बोलून दाखवते.

"मी बघतो," मी म्हणालो. "म्हणजे, आम्ही दोघं बघतो."

"मग काल तुम्ही काय बघितलंत?"

तिनं घडी उघडून टेबलावर पसरली. पहिल्या पानाच्या खालच्या अर्ध्या भागातली बातमी होती. परवा सकाळी सात चाळीसला पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर एका बसनं फळांची हातगाडी उलटवली आणि चालक न थांबता निघून गेला. शेजारी कोणीतरी नाव न देता पाठवलेल्या चित्रफितीतला फोटो. बसचा क्रमांक दिसत नव्हता, पाटी उन्हानं पांढरी झाली होती. पण ठिकाण आणि वेळ बातमीत होती. त्या वळणावरून त्या वेळेला फक्त चौदा नंबरची एकच गाडी जाते, त्यामुळे डेपोला चालक शोधायला पाच मिनिटंसुद्धा लागली नव्हती.

"ते माझे बाबा," ती म्हणाली. "काल दुपारी त्यांना घरी बसवलं. आज चार वाजता सुनावणी आहे. एकतीस वर्षांत त्यांनी साधा आरसा फोडलेला नाही. आज चार वाजता त्यांना काढून टाकतील."

"ते स्वतः काय म्हणतात?" भिंगनं विचारलं.

"म्हणतात, मी हातगाडी बघितलीच नाही. डेपोचे साहेब म्हणतात, बघितली नाही हाच तर गुन्हा." ती खुर्ची ओढून बसली. तिच्या बोटाला शिवणकामाचं टोपण तसंच होतं, कामावरून उठून आली असावी. "काका, एक विचारू? तुम्ही त्या वळणावर कधी गेला आहात?"

"नाही."

"मी रोज जाते. माझं दुकान तिथं आहे. तुमची ती फीत लावा."

भिंगनं फीत लावली. बावीस सेकंदांची होती. कोणीतरी रस्त्याच्या कडेला उभं राहून रस्ता टिपत होतं. डावीकडे पुढे आठ खांबांवरची उंच टाकी, तिच्या माथ्याखाली निळा पट्टा, बाहेरून गोल फिरत वर जाणारा जिना. समोरून बस येते, कडेच्या हातगाडीला घासते, हातगाडी आडवी होते आणि संत्री रस्त्यावर सांडतात. बस कॅमेऱ्याच्या जवळून निघून जाते. संत्री मात्र फीत संपेपर्यंत कॅमेऱ्याकडे घरंगळत येत राहतात.

"बघा," ती म्हणाली. "थांबतायत का? बाबांच्या रस्त्यावर संत्रं ठेवलं तर ते आहे तिथंच बसून राहील. तो रस्ता ताटासारखा सपाट आहे. पावसाचं पाणीसुद्धा तिथं चार दिवस विचार करत बसतं."

कालच्या बातमीच्या कागदावर 'ठिकाण तपासले' या शब्दांखाली सही माझी होती.

आमची पद्धत साधी आहे. ठिकाण मान्य करायचं तर फोटोतल्या दोन वेगवेगळ्या खुणा नकाशावर सापडायला हव्यात. एकच खूण दुसरीकडेही असू शकते, दोन खुणा त्याच अंतरावर आणि त्याच बाजूंना दुसरीकडे सापडणं अवघड असतं. मी माझा कागद काढून पाहिला. पहिली खूण: टाकी, आठ खांब, निळा पट्टा. दुसरी खूण: टाकीचा बाहेरचा गोल जिना.

भिंगनं माझ्या खांद्यावरून वाचलं. "काका, टाकी आणि टाकीचा जिना?"

"हो."

"ही एकच खूण झाली."

"कळलं मला आता."

"जिना टाकीला सोडून जाईल कुठं?"

"अगं, कळलं."

ती परत फितीकडे वळली, आणि तेच जास्त लागलं. ती हसली असती तर बरं वाटलं असतं.

पण चूक कुठं झाली हे समजलं की कामाला सुरुवात करता येते. मी त्या बाईला थांबायला सांगितलं आणि मागच्या कात्रणांच्या कपाटाकडे गेलो. त्या टाकीचा आराखडा मला कुठंतरी वाचल्यासारखा वाटत होता. आयुष्यात मी वाचण्यापलीकडे फारसं काही केलेलं नाही, तेव्हा निदान ते तरी उपयोगी पडावं. पाणीपुरवठ्याच्या जाड पाकिटात कात्रण सापडलं. एकोणीस वर्षांपूर्वीचं. एकाच वर्षी, एकाच आराखड्याच्या पाच टाक्या बांधल्या होत्या. पाचही आठ खांबांच्या. पाचांनाही निळा पट्टा आणि बाहेरून जिना.

"पाच जुळी भावंडं," भिंग म्हणाली.

"त्यातलं मी थोरलं बघितलं आणि बारसं करून मोकळा झालो."

मग आम्ही नीट बसलो. भिंगनं आधी फितीतली एकेक चौकट वेगळी केली आणि कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरला होता त्या चौकटी शेजारीशेजारी जोडल्या. आता सगळा रस्ता एका लांब पट्टीत दिसू लागला. फीत पाहताना डोळा बसच्या मागे धावतो. पट्टीत बस कुठं जात नाही, त्यामुळे बाकीचं दिसतं.

"धुराडं," ती म्हणाली. "टाकीच्या डाव्या कडेला चिकटून. लांब आहे, मागे."

मी भिंगातून पाहिलं. खऱ्या भिंगातून. टाकीच्या डाव्या कडेबाहेर बोटभर धुराडं डोकावत होतं.

"उजवीकडे दोन खांबांवरचा विजेचा ट्रान्स्फॉर्मर," ती पुढे म्हणाली, "आणि बरोबर त्याच्या मागे गोदामाच्या छपराचं टोक. दोन्ही एका रेषेत."

"आणि सावल्या," मी म्हणालो.

विजेच्या खांबांच्या सावल्या रस्ता आडवा ओलांडत होत्या. उजवीकडून डावीकडे, लांबच लांब. मी पहिल्या टाकीचा नकाशा उघडला. तिथला रस्ता पूर्व-पश्चिम जातो.

"हे बघा," मी त्या बाईला म्हणालो. "सावल्या लांब आहेत, म्हणजे सूर्य खाली आहे. सूर्य खाली असतो तेव्हा तो पूर्वेला तरी असतो नाहीतर पश्चिमेला, फार तर थोडा इकडेतिकडे. तुमच्या बाबांच्या रस्त्यावर अशा वेळी सावल्या रस्त्याच्या लांबीनं पडतील. आडव्या पडणार नाहीत."

"सकाळी तिथं समोरून डोळ्यात ऊन येतं," ती म्हणाली. "बाबा म्हणूनच टोपी घालतात."

भिंगनं परवाच्या तारखेचं सूर्याचं कोष्टक काढलं. सात चाळीसला सूर्य पूर्वेपासून थोडासाच सरकलेला. पहिली टाकी तिथंच बाद झाली. आमची छापलेली बातमी, माझ्या सहीसकट.

उरल्या चार. उपग्रहाच्या फोटोत टाकी वरून नुसती गोल चकतीसारखी दिसते, पण तिची सावली खरी उंची सांगून जाते, म्हणून त्या शोधायला वेळ लागला नाही. दुसरी टाकी वसाहतीच्या मधोमध होती, तिच्या कुशीतून बस जाईल एवढा रस्ताच नव्हता. तिसरीजवळचा रस्ताही पूर्व-पश्चिम. पाचवीच्या आसपास मैलभर धुराडं नव्हतं. चौथी गावाच्या उत्तरेला, वीटभट्टीच्या अलीकडे. रस्ता उत्तर-दक्षिण.

"भट्टी म्हणजे धुराडं," ती बाई म्हणाली आणि उठून उभी राहिली.

"बसा," मी म्हणालो. "मी काल असाच उठलो होतो."

मी कपाटातून उंचीच्या रेषांचा जुना नकाशा आणला. समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या या रेषा जिथं लांब लांब असतात तिथं जमीन सपाट असते, आणि जिथं दाटीवाटीनं येतात तिथं चढ असतो. पहिल्या टाकीपाशी रेषाच सापडेना. चौथ्या टाकीसमोरचा रस्ता मात्र एकामागून एक पाच रेषा ओलांडत दक्षिणेकडे उतरत होता. बस उत्तरेकडून आली असेल, तर कॅमेरा दक्षिणेला आणि उताराच्या खालच्या बाजूला. संत्री त्याच्याकडेच येणार.

आता शेवटचं काम. मी नकाशावर पट्टी ठेवली. धुराड्यापासून टाकीच्या कडेला घासून एक रेषा ओढली आणि रस्त्यापर्यंत लांबवली. ज्यानं फीत काढली तो याच रेषेवर कुठंतरी उभा होता, नाहीतर धुराडं त्याला कडेला चिकटलेलं दिसलं नसतं. मग गोदामाच्या टोकापासून ट्रान्स्फॉर्मरवरून दुसरी रेषा ओढली. दोन्ही रेषा रस्त्याच्या कडेलाच एकमेकींना छेदून गेल्या. तिथं मी पेन्सिलीनं ठिपका दिला.

"हे एका जागेचं नाव-गाव झालं," भिंग म्हणाली. "यापेक्षा जास्त ती फीत काढणाऱ्यालाही सांगता येणार नाही."

आमच्या शहर पानाच्या प्रमुखांना सगळे बाई म्हणतात. मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला.

"काल तुम्हीच सही केली होती?"

"हो."

"उद्या पहिल्या पानावर दुरुस्ती. त्याच जागी, त्याच आकाराची." त्यांनी चष्मा काढला. "चौदा नंबर म्हणून आपण लिहिलं नव्हतं, एवढं सांगू शकतो."

"ठिकाण लिहिलं होतं. बाकीचं त्यातूनच झालं. पण सुनावणी आज चारला आहे."

"मग आज जा की."

"मी?"

"सही कोणाची आहे?"

मी आयुष्यभर माणसांपेक्षा कपाटांशी बरा बोललो आहे. पण सही माझीच होती. वेबसाइटवरची बातमी बाईंनी तिथल्या तिथं काढून दुरुस्ती लावायला सांगितली, आणि माझ्या कागदावर त्यांची सही आणि कार्यालयाचा शिक्का आला.

डेपोतली सुनावणीची खोली म्हणजे वेळापत्रकांच्या गठ्ठ्यांमागची एक बोळकांडी होती. डेपोचे साहेब टेबलामागे, चालक समोर. चालकानं इस्त्रीचा गणवेश घातला होता आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. माझ्याबरोबर आलेल्या आपल्या मुलीला पाहून तो म्हणाला, "तू दुकान बंद करून आलीस?"

"दुकान कुठं पळून जात नाही, बाबा."

"हे कोण?"

"ज्यांनी छापलं ते."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं जसं गाडी सुटल्यावर पळत येणाऱ्या प्रवाशाकडे बघतात.

मी कागद टेबलावर ठेवला आणि सावल्यांपासून ठिपक्यापर्यंत सगळं सांगितलं. बोलताना माझाच आवाज मला स्थिर वाटला. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे खरं.

"काल तुम्ही सही करून सांगितलंत पहिली टाकी," ते म्हणाले. "आज सही करून सांगताय चौथी. उद्या पाचवी असेल. मी कोणत्या सहीवर विश्वास ठेवू?"

"कोणत्याच नको," मी म्हणालो. "माझी सही राहू द्या बाजूला. तुमचा माणूस त्या ठिपक्यावर उभा करा आणि त्याला टाकीचा फोटो काढायला सांगा. धुराडं टाकीच्या डाव्या कडेला बोटभर बाहेर दिसलं तर ते ठिकाण खरं. नाही दिसलं तर माझं चुकलं."

"आणि चुकलं तर?"

"तर मी उद्याच्या दुरुस्तीखाली माझं नाव घालून राजीनामा देतो. पण चुकलेलं नाही."

हे मी कसं बोललो मला माहीत नाही. मुलीनं भुवया उंचावल्या.

साहेबांचा एक तपासनीस मोटारसायकलवर त्याच भागात फिरत होता. त्यांनी त्याला फोन केला, ठिपका पाठवला आणि फोटोत काय यायला हवं ते मुद्दाम सांगितलं नाही. "फक्त टाकीचा काढ," म्हणाले.

वीस मिनिटं गेली. बाहेर एक गाडी मागे घेत होती आणि कंडक्टर गाडीवर थापा मारत होता. चालक त्या थापा कान देऊन ऐकत होता. एकदा हळूच म्हणाला, "अजून जागा आहे, येऊ दे."

मग फोटो आला. साहेबांनी पाहिला आणि फोन माझ्यापुढे सरकवला.

टाकी होती. आठ खांब, निळा पट्टा. धुराडं नव्हतं.

"कुठं आहे तुमचं बोटभर?" साहेबांनी विचारलं.

चालकाचे हात मांडीवरून घसरले. मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. मला काल हा असा फोटो दाखवला असता तर मी माफी मागून उठलो असतो. आज मी तो जवळ घेतला. फोटोच्या वरच्या कडेला पानांची झालर होती.

"यात झाडाची फांदी आहे," मी म्हणालो. "आमच्या फितीत झाड नाही. उपग्रहाच्या फोटोत ठिपक्याच्या पुढे, टाकीच्या बाजूला, एक झाड आहे. तुमचे तपासनीस सावलीत उभे आहेत."

साहेबांनी फोन लावला. "कुठं उभा आहेस?"

पलीकडून उत्तर स्पष्ट ऐकू आलं. "तिथंच आहे साहेब. जरा झाडाखाली. ऊन काय कमी आहे का."

"त्यांना सांगा," मी म्हणालो, "टाकीकडे तोंड ठेवून रस्त्यानं उताराकडे मागे जायला. टाकी जवळ आहे, धुराडं लांब आहे. पुढे गेलं की जवळची टाकी आड येते आणि धुराडं झाकतं. मागे गेलं की ते डावीकडून बाहेर येईल. वीस-पंचवीस पावलं पुरतील."

"मागे सरक," साहेब फोनमध्ये म्हणाले. "टाकीकडे बघत. आणि चालू ठेव, फोन कापू नकोस."

आम्ही पावलं ऐकली. तपासनीस मोठ्यानं मोजत होता, बहुधा राग काढत होता. दहा. पंधरा. अठरा.

"एक मिनिट, साहेब," तो म्हणाला. "टाकीच्या मागनं काहीतरी आलं. धुराडं आहे. डाव्या बाजूला."

"आता थांबायला सांगा," मी म्हणालो, "आणि उजवीकडे बघायला. ट्रान्स्फॉर्मरच्या मागे काय आहे?"

"छप्पर आहे. गोदामाचं. बरोबर मागे." थोडं थांबून तो म्हणाला, "साहेब, इथं गटाराच्या जाळीवर संत्री सडलीत."

साहेबांनी फोन ठेवला. दुसरा फोटो आला तो त्यांनी आमच्या छापील फोटोशेजारी धरला आणि बराच वेळ एकातून दुसऱ्यात बघत राहिले. मग चालकाकडे न बघता म्हणाले, "चौदा नंबर उत्तरेला जाते का कधी?"

"नाही, साहेब. कधीच नाही."

"सकाळी रिकामी पाठवली असेल?"

"वहीत बघा. सात पस्तीसला मी बाजाराच्या थांब्यावर होतो. तिकिटं फाडलेली आहेत."

वही आली. सात पस्तीसची तिकिटं फाडलेली होती. बाजारापासून चौथी टाकी पाच मिनिटांत गाठायची तर बसला पंख लागले असते. हेच काल बघितलं असतं तर, असं मुलीच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. साहेबांनाही दिसलं असावं, कारण ते लगेच लिहायला बसले. निलंबन रद्द, आजपासून कामावर रुजू.

"उत्तरेच्या गाड्यांची वही आण," त्यांनी शिपायाला सांगितलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तिथं कोण होतं ते तुमच्या रेषा सांगतील का?"

"नाही," मी म्हणालो. "रेषा जागा सांगतात. माणूस तुम्ही शोधा, आणि आधी त्याला विचारा."

"त्याला नक्की विचारा," चालक म्हणाला. खोलीत शिरल्यापासून त्यानं पहिल्यांदाच आवाज चढवला होता. "मला कोणी विचारलं नव्हतं. मला सांगितलं होतं."

साहेबांनी मान हलवली आणि आदेशाचा कागद त्याच्यापुढे केला. चालकानं तो वाचून चार घड्या घातल्या आणि वरच्या खिशात ठेवला.

मी आज अकरापासून एक वाक्य जुळवत होतो. दारापाशी मी त्याला गाठलं. "मला तुमची माफी मागायची आहे," मी सुरुवात केली. "काल जी खूण मी दुसरी धरली ती मुळात..."

"साडेपाचची गाडी कोण नेतंय?" त्यानं माझ्या डोक्यावरून कंडक्टरला विचारलं.

"बदलीवाला आहे."

"त्याला सोड घरी. मी नेतो." मग माझ्याकडे बघितलं, या वेळी जरा बऱ्या नजरेनं. "तुमचं उद्या छापून येणारच आहे ना? वाचतो. आता बाजूला व्हा, गाडी मागे घ्यायचीय."

मी बाजूला झालो. तो गाडीत बसल्यावर मुलगी त्याच्या खिडकीपाशी जाऊन त्याच्याशी काहीतरी बोलली आणि तो हसला. गाडी अंगणातून वळली तेव्हा तिच्या आणि भिंतीच्या मधे हातभर जागा होती, आणि सगळ्या वळणभर ती तेवढीच राहिली.